डोक्यात कोंडा असेल तर आमचं तेल लावू नका

आमचा लाकडी घाणा आहे आणि नारळाचं तेल विकून आमचं घर चालतं. तरीही दुकानात रोज येणाऱ्या दोन तक्रारींवर बाटली देण्याआधी काही सांगावंसं वाटतं, म्हणून हे पत्रक.

केस गळतात, पण किती?

दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचं आहे. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि मग नव्या केसासाठी जागा सोडतो. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्या बाईच्या केसांत आधीच सुटलेले केस अडकून राहतात आणि न्हाताना एकदम निघतात. त्या दिवशीची गुंतवळ बघून घाबरू नका, चार-पाच दिवसांची मिळून बघा.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की "मुळासकट आला" म्हणून पुष्कळजणी रडकुंडीला येतात. तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. पूर्ण वाढून सुटलेल्या केसाचं ते टोक असतं, खरं मूळ टाळूतच राहतं. ठिपका नसलेले आखूड तुकडे पडत असतील तर केस गळत नाहीत, तुटतात. त्याचं कारण घट्ट रबर, ओल्या केसांत फिरवलेली फणी किंवा स्ट्रेटनिंग यांत शोधा.

गेल्या दिवाळीनंतर एक ताई कागदात बांधून गुंतवळ घेऊन आल्या. खिडकीच्या उजेडात एकेक केस धरून पाहिला. सगळे लांब आणि जवळजवळ प्रत्येकाला पांढरं टोक. विचारलं तेव्हा कळलं की गणपतीत त्यांना डेंग्यू झाला होता. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपाशी राहून घटवलेलं वजन, यांनंतर बरेच केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. तोवर माणूस आजारपण विसरलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूला किंवा बोअरच्या पाण्याला देतो. हे गळणं बहुतेकदा सहा महिन्यांत आपसूक थांबतं. कुठलंही तेल ते आधी थांबवत नाही, आमचंही नाही. त्या ताईंना आम्ही तेल दिलं नाही, जेवणात डाळी-अंडी वाढवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या एवढं सांगितलं. उन्हाळ्यात आल्या तेव्हा कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस उभे होते.

घरी पाहायचं असेल तर आदला दिवस न्हाऊ नका. साधारण 50-60 केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढत न्या. असं डोक्यावर तीन-चार जागी करा. दोन-तीन केस हातात आले तर ठीक. प्रत्येक जागी सहापेक्षा जास्त येत असतील तर गळती वाढली आहे.

मात्र भांग रुंद होत चालला असेल किंवा केस दिवसेंदिवस बारीक होत असतील, तर गळती मोजत बसू नका. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली असेल किंवा गळती सहा महिन्यांनंतरही चालू असेल, तरीही त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. थायरॉईड आणि शरीरातलं लोह बहुधा तेच तपासायला सांगतील.

कोंड्याला तेल का नको?

कोंडा म्हणजे टाळू कोरडी पडणं, असं समजून लोक तेल चोपडतात. खरं तर टाळूच्या तेलकटपणावर जगणारी एक बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर असते. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही आणि मग पापुद्रे सुटतात, खाज येते. तेल लावलं की पापुद्रे चिकटून बसतात, म्हणून दोन दिवस बरं वाटतं, पण बुरशीला खाद्य मिळतं. लिंबू चोळल्याने खाजवलेली टाळू आणखी झोंबते. शिकेकाईने मळ निघतो, बुरशी जात नाही.

मेडिकलमध्ये 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे वापरा. केस ओले करून फेस बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळा, नखांनी नको. मग पाच मिनिटं तसाच ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं, लावला की लगेच धुतात आणि औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. कोंडा गेल्यावरही आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा वापरत राहा, कारण बुरशी कायमची जात नाही. केस रुक्ष वाटले तर तेल फक्त लांबीला लावा, टाळूला नको. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

चार आठवड्यांत फरक पडला नाही, जाड चंदेरी खपल्या केसांच्या रेषेबाहेर कपाळावर किंवा कानामागे आल्या, तर तो साधा कोंडा नसेल. लहान मुलाच्या डोक्यात खवल्यांबरोबर केस तुटून चट्टा पडला असेल तर तो गजकर्ण असू शकतो. तो नुसत्या शाम्पूने बरा होत नाही, डॉक्टरांनी दिलेलं पोटात घ्यायचं औषध लागतं. तोवर त्याचा कंगवा आणि टॉवेल वेगळा ठेवा.