प्रकल्प समाप्ती, हस्तांतरण आणि लाभप्राप्ती

प्रकल्प समाप्ती म्हणजे ठरलेले काम पुरे झाले, किंवा मध्येच थांबवले, याची औपचारिक नोंद करून हिशेब मिटवणे, करार बंद करणे आणि पथक मोकळे करणे. हस्तांतरण म्हणजे तयार झालेली गोष्ट रोज वापरणाऱ्यांच्या ताब्यात, ती चालवण्याच्या माहितीसह देणे. ज्या फायद्यासाठी पैसा घातला तो पुढच्या महिन्यांत खरोखर मिळाला का, हे मोजून पाहणे म्हणजे लाभप्राप्ती. मराठीत ‘काम संपलं’ एवढे म्हटले की तिन्ही अर्थ भागतात. म्हणूनच खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मराठी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत या तीन गोष्टी एकमेकांत मिसळतात.

एक उदाहरण

बेळगावच्या उद्यमबाग परिसरात लोखंडी ओतकाम करणाऱ्या फाउंड्री आहेत. समजा, त्यांपैकी एकीने कोकवर चालणारी कपोला भट्टी काढून विजेची इंडक्शन भट्टी बसवली. महिन्याला 200 टन ओतकाम होते आणि त्यातले 16 टन रिजेक्ट होते. नोंदवही नीट पाहिली तर 9 टन रिजेक्शन धातूच्या दोषांमुळे आहे: रसायनप्रमाण चुकणे, मळी अडकणे, धातू थंड पडणे. उरलेले 7 टन साच्याच्या वाळूमुळे आहे. नवी भट्टी फक्त पहिल्या भागावर काम करू शकते. म्हणून लाभाचे उद्दिष्ट ‘रिजेक्शन कमी’ असे मोघम न ठेवता ‘धातूचे रिजेक्शन 9 टनांवरून 4 टनांवर’ असे ठेवावे लागते, आणि ही विभागणी जुनी भट्टी चालू असतानाच करून ठेवावी लागते. कपोला एकदा मोडून काढली की तो आधाररेषेचा, म्हणजे तुलनेसाठी लागणारा बदलापूर्वीचा, आकडा परत मिळत नाही.

हस्तांतरण जानेवारीत झाले असे धरू. भट्टी चालू झाली, चाचणीचा धातू ओतला आणि मालकाने स्वीकारपत्रावर सही केली, एवढ्याने ते पुरे होत नाही. भट्टीच्या आतले लायनिंग झिजते आणि ठरावीक काळाने नवे ठोकावे लागते. पहिल्या तापवणीत उष्णता कोणत्या टप्प्यांनी वाढवायची, लायनिंग फुटून धातू भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलकडे निघाला तर इशारा देणारे यंत्र कुठे आहे, थंड पाण्याचे चक्र बंद पडले तर पहिल्यांदा काय करायचे, हे पाळीवरच्या कामगारांना हाताने करून दाखवलेले असले पाहिजे. पुरवठादाराचा माणूस निघून गेल्यावर कारखान्याच्या लोकांनी स्वतः एक लायनिंग बदलून पाहणे ही माझ्या मते हस्तांतरणाची खरी कसोटी आहे. त्यासाठी देयकाचा शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवावा, आणि दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष पुरवठादाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, करारातच लिहावा.

पुढे मोजमाप. पहिल्या महिन्यात धातूचे रिजेक्शन 8 टन, तिसऱ्यात 6, सहाव्यात 5. म्हणजे ठरलेल्या 5 टनांच्या बचतीपैकी 4 टन मिळाले. पण सहावा महिना जुलैचा, आणि बेळगावच्या पावसात वाळू ओलसर राहते. वाळूचे रिजेक्शन 7 वरून 10 टनांवर गेले. एकूण आकडा 15 झाला आणि मालक म्हणाला, ‘एवढा खर्च करून एकच टन वाचला?’ विभागलेली नोंद नसती तर त्याला उत्तर देता आले नसते. उलट चूकही होते: आधीच्या आकड्यात ग्राहकाकडून परत आलेला माल धरलेला असतो, नंतरच्या आकड्यात नसतो, आणि कागदावर खोटा लाभ दिसतो. मोजण्याची व्याख्या बदलली का, हे लाभाच्या आढाव्यात आधी विचारावे.

हा आढावा होतो तेव्हा प्रकल्प पथक केव्हाच पांगलेले असते. म्हणून समाप्ती अहवालात लाभाचा उत्तरदायी माणूस, आढाव्याची तारीख आणि मोजण्याची रीत लिहिलेली हवी. इथे तो उत्पादन विभागाचा प्रमुख असेल. प्रकल्प व्यवस्थापक नव्हे, कारण पाळ्यांवर त्याचा ताबा उरत नाही.

परीक्षेत

बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या नेहमीच्या 100 गुणांच्या लेखी परीक्षेत पाच मॉड्यूल असतात आणि प्रत्येकातून 20 गुणांचा एक पूर्ण प्रश्न सोडवायचा असतो. त्याचे उपप्रश्न साधारण 6 ते 10 गुणांचे असतात.

छोट्या प्रश्नात परीक्षक भेद शोधतो. ‘समाप्ती आणि लाभप्राप्ती यांत फरक सांगा’ याला दोन व्याख्या शेजारी लिहून भागत नाही. कधी होते, उत्तरदायी कोण आणि पुरावा कोणता, हे तीन धागे दोन्हींना लावावे लागतात. मध्येच थांबवलेल्या प्रकल्पालाही समाप्ती लागते, हे वाक्य अनेक जण विसरतात.

मोठ्या प्रश्नात बहुधा प्रसंग असतो: काम वेळेत, खर्चात झाले, तरी वर्षभराने फायदा दिसत नाही, कारणे सांगा. इथे समाप्तीच्या पायऱ्यांची पाठ केलेली यादी फारशी उपयोगी पडत नाही. आधी आधाररेषा होती का ते तपासावे, मग वापरणाऱ्यांना शिकवले होते का, मग बाहेरचे कारण वेगळे काढता येते का. वरच्या उदाहरणातला जुलैचा आकडा असाच तोडून दाखवला, तर 9 वरून 5 हा धातूचा आणि 7 वरून 10 हा वाळूचा, असे दोन ओळींत उत्तर उभे राहते.