बॉन्ड बिल्डर (केसांचे ब्लीचिंग)

केस ब्लीच करताना केराटिन या केसातील प्रथिनामधील बंध कमी तुटावेत म्हणून ब्लीचमध्ये मिसळले जाणारे किंवा ब्लीच धुतल्यावर लगेच लावले जाणारे द्रव्य. पार्लरमध्ये त्याला ‘प्लेक्स’ असेही म्हणतात. हा प्रकार 2014 मध्ये बाजारात आलेल्या अमेरिकेतील ओलाप्लेक्समुळे रूढ झाला. कॅलिफोर्नियातील क्रेग हॉकर आणि एरिक प्रेसली हे रसायनशास्त्रज्ञ त्याच्या सूत्रामागे होते. त्यातील मुख्य घटक मॅलिएट गटाचा आहे. पुढे इतर कंपन्यांनी मॅलेइक किंवा सक्सिनिक आम्लावर आधारलेली आपापली उत्पादने आणली.

केसाची ताकद बरीचशी गंधकाच्या दोन अणूंमधील डायसल्फाइड बंधांवर अवलंबून असते. केस ओला झाला की पाण्यामुळे हायड्रोजन बंध सैल पडतात आणि भार मुख्यतः या बंधांवर येतो. म्हणूनच ब्लीचने झालेली हानी कोरड्या केसात लपते आणि ओल्या केसात उघडी पडते. ब्लीच पावडरमधील परसल्फेट आणि डेव्हलपरमधील हायड्रोजन पेरॉक्साइड अल्कधर्मी मिश्रणात केसाला रंग देणाऱ्या मेलॅनिनचे विघटन करतात. अडचण अशी की तेच ऑक्सिडीकरण डायसल्फाइड बंधांवरही चालते आणि त्यांचे रूपांतर सिस्टिइक आम्लात होते. हे रूपांतर उलट फिरवता येत नाही. त्यामुळे ‘तुटलेले सर्व बंध पुन्हा जोडतो’ ही जाहिरात जशीच्या तशी घेऊ नये.

मग बॉन्ड बिल्डर नेमके काय करतो? मूळ दावा असा, की बंध तुटल्यावर क्षणभर मोकळ्या राहिलेल्या गंधकाच्या टोकांना मॅलिएट पकडतो आणि त्यांच्यामध्ये पूल बांधतो. पण ब्लीचच्या वाडग्यात ऑक्सिडीकारक इतका मुबलक असतो की अशी मोकळी टोके फार काळ टिकत नाहीत. म्हणून इतर स्पष्टीकरणेही पुढे आली आहेत. त्यांतले पटणारे एक म्हणजे ही आम्ले मिश्रणाचा सामू थोडा खाली आणतात आणि केसात शिरलेले धातू बांधून ठेवतात. तांबे व लोह पेरॉक्साइडपासून अतिशय आक्रमक मूलके तयार करतात, आणि ही मूलके रंग काढण्याच्या कामापलीकडे केसाची नासाडी करतात. जुन्या नळातून किंवा लोहयुक्त बोअरवेलच्या पाण्यातून हे धातू केसात साठतात. अशा पाण्याने रोज केस धुणाऱ्यांनी ब्लीचपूर्वी धातू काढणारा शाम्पू वापरल्यास तोही उपयोगी ठरतो, आणि तो बहुधा स्वस्त पडतो.

खर्च कधी सार्थ, हे एका उदाहरणावरून पाहू. खांद्यापर्यंतचे, कधीही न रंगवलेले काळे केस राखाडी छटेपर्यंत न्यायचे आहेत. म्हणजे केसांच्या गडद-फिकेपणाच्या मोजपट्टीवर लेव्हल 2 पासून साधारण 9 किंवा 10 पर्यंत. एका बैठकीत 6 टक्क्यांच्या म्हणजे 20 व्हॉल्यूम डेव्हलपरने केस बहुधा नारिंगीवर थांबतात, पिवळ्यापर्यंत जायला काही आठवड्यांनी दुसरी बैठक लागते. दोन्ही वेळी त्याच लांबीवर ब्लीच फिरणार असल्याने इथे बॉन्ड बिल्डरचे पैसे वसूल होतात. ओलाप्लेक्सच्या सुरुवातीच्या सूचनेत 30 ते 60 ग्रॅम पावडरला पहिल्या बाटलीतील सुमारे 3.75 मिलीलीटर द्रव होते. ब्लीच धुतल्यावर दुसऱ्या बाटलीचे क्रीम. प्रमाण वाढवल्याने संरक्षण त्या पटीत वाढत नाही, उलट केस उजळण्याचा वेग मंदावू शकतो. तेव्हा काही जण थेट अधिक तीव्र अशा 40 व्हॉल्यूम डेव्हलपरकडे वळतात. मग जे वाचवायला गेलो तेच गमावले जाते.

याच व्यक्तीला कोऱ्या केसांत चार-पाच मधाळ तपकिरी हायलाइट्सच हवे असतील, तर सौम्य डेव्हलपर, वेळेवर धुणे आणि चांगला कंडिशनर पुरेसा असतो. ब्लीच नसलेल्या गडद रंगासाठी किंवा टोनरसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण सहसा नसते. पुढच्या आठवड्यात कापूनच टाकायच्या टोकांसाठी तर अजिबात नाही.

स्मूदनिंग झालेल्या केसांबाबत मात्र बॉन्ड बिल्डरचा भरवसा धोक्याचा आहे. त्या प्रक्रियेत बंध आधीच तोडून पुन्हा बसवलेले असतात, त्यावर ब्लीच म्हणजे दुहेरी घाव. धातूंचे क्षार मिसळलेली मेंदी लावलेल्या केसात पेरॉक्साइडमुळे उष्णता निर्माण होऊ शकते. तिथे कोणतेही प्लेक्स कामाचे नाही. दोन्ही बाबतींत आतल्या बाजूची एक बारीक बट आधी ब्लीच करून पाहावी. धुतल्यावर ती बट हलकेच ताणली की निरोगी केस थोडा लांबून पूर्ववत होतो. तो च्युइंगगमसारखा लांबत राहिला, लिबलिबीत लागला किंवा तुटला, तर ब्लीच रद्द करावे. अशा केसावर घरगुती बॉन्ड ट्रीटमेंटने स्पर्श आणि विंचरण्याची सोय सुधारते, तुटलेला केस सांधत नाही.

बिलात प्लेक्सचे पैसे वेगळे लावले असतील तर ते ब्लीचमध्ये मिसळले की फक्त धुतल्यावर लावले, हे विचारून घ्यावे. मिसळायचे उत्पादन ब्लीच संपल्यावर लावले तर ऑक्सिडीकरण चालू असताना मिळणारे संरक्षण हुकलेलेच असते.