एका वर्षाचा रिफंड दुसऱ्या वर्षाच्या मागणीत वळता करून घेण्यासाठी अर्ज: कोणी, कुठे आणि कसा करायचा

आयकराच्या पोर्टलवर एकाच माणसाच्या खात्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. एका वर्षाचे पैसे आयकर विभागाकडून यायचे असतात, तो रिफंड, आणि दुसऱ्या वर्षाचे विभागाला द्यायचे असतात, ती मागणी. अशा वेळी मनात येतंच, ‘त्यातलेच घ्या ना कापून!’ कायद्यात याची सोय आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २४५ अधिकाऱ्याला हा अधिकार देतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात, म्हणून इथे जुनीच कलमं दिली आहेत.

हे कलम मुळात आयकर खात्याच्या सोयीचं आहे. खात्याने आधी लेखी कळवायचं, तुमचं म्हणणं ऐकायचं आणि मग रक्कम वळती करायची. न कळवता परस्पर कापलेल्या रिफंडांबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खात्याला खडसावलं होतं. आपण स्वतः अर्ज करतो तेव्हा याच कलमाखाली ‘माझी हरकत नाही, वळते करा’ असं आधीच सांगत असतो. त्यामुळे अर्ज सोपा असतो. मात्र त्यात काय कबूल करायचं आणि काय नाही, हे आधी ठरवावं लागतं.

कोणता रिफंड चालतो

बहुतेक अर्ज इथेच अडकतात. विवरणपत्रात तुम्ही ६० हजारांचा रिफंड मागितला, एवढ्याने तो ‘देय’ होत नाही. विवरणपत्राची छाननी होऊन कलम १४३(१) ची सूचना आली आणि तिच्यात रिफंडचा आकडा आला, की मग तो देय ठरतो. त्याआधी अर्ज केला तर अधिकाऱ्याच्या हातात वळतं करायला काहीच नसतं. तरीही तो अर्ज वाया जात नाही. त्यात ‘विवरणपत्राची छाननी होईपर्यंत वसुलीची सक्तीची कारवाई करू नये’ एवढीच विनंती करावी आणि सूचना आल्यावर दुसरा अर्ज द्यावा.

अपील जिंकल्यामुळे रिफंड निघणार असेल, तर अधिकाऱ्याने अपिलाच्या निकालाची अंमलबजावणी करणारा आदेश काढावा लागतो. तो निघेपर्यंत आकडाच ठरलेला नसतो. त्यामुळे आधी तो आदेश मागायचा.

पॅनही एकच हवा. नवऱ्याचा रिफंड बायकोच्या मागणीत जात नाही आणि भागीदाराचा रिफंड फर्मच्या मागणीत जात नाही, घरातले पैसे एकच असले तरी! पुढच्या वर्षाच्या अग्रिम करातही तो धरता येत नाही, कारण तिथे अजून कुठली मागणीच उभी नसते.

आधी मागणी तपासा

रिफंड हाताशी आहे म्हणून चुकीची मागणी फेडून टाकू नका. मागणीचं कारण टीडीएस न जुळणं किंवा चलनात वर्ष चुकणं असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करणं हाच योग्य मार्ग. फार जुनी किरकोळ मागणी असेल, तर ती अजून जिवंत आहे का तेही बघा. फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने २०१०-११ पर्यंतच्या कर निर्धारण वर्षांच्या २५ हजारांपर्यंतच्या, आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या १० हजारांपर्यंतच्या नोंदी माफ झाल्या आहेत. एका करदात्याला एकूण एक लाखाची मर्यादा आहे.

पोर्टलवर `Pending Actions` मध्ये `Response to Outstanding Demand` उघडलं की प्रत्येक मागणीसमोर उत्तर देता येतं. `Demand is correct` निवडलं की ती मागणी तुम्ही मान्य केली, आणि नंतर तिथे ‘अमान्य’ म्हणता येत नाही. पुढचा कोणताही रिफंड व्याजासह त्या मागणीत जातो. मागणी खरोखर बरोबर असेल, तर एवढं एक बटणही पुरतं. कागदी अर्ज लागतो तो मागणी स्थानिक अधिकाऱ्याकडे असेल, वसुलीचं पत्र आलं असेल किंवा मागणीचा काही भागच मान्य असेल तेव्हा.

अर्जात काय लिहायचं

अर्ज द्यायचा तो मागणी ज्यांच्याकडे थकीत आहे त्या कर निर्धारण अधिकाऱ्याला. आपला अधिकारी कोण, हे पोर्टलवर पॅन टाकून कळतं. रिफंड विवरणपत्रांची छाननी करणाऱ्या बंगळुरूच्या केंद्राने, म्हणजे सीपीसीने, काढलेला असेल आणि वळता करण्याबद्दलचं पत्रही त्यांच्याकडूनच आलं असेल, तर त्याचं उत्तर पोर्टलवरच, पत्रात दिलेल्या मुदतीत द्यायचं. त्याची प्रत अधिकाऱ्याच्या अर्जाला जोडायची. मजकूर साधारण असा:

‘महोदय, माझ्या नावे कर निर्धारण वर्ष २०२३-२४ ची रु. ४६,३०० ही मागणी थकीत आहे (मागणी संदर्भ क्रमांक …). कर निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या दि. ६ नोव्हेंबर २०२५ च्या सूचनेनुसार मला रु. ६१,८०० परतावा देय आहे. कलम २४५ नुसार या परताव्यातून, त्यावरील कलम २४४ए च्या व्याजासह, वरील मागणी व तिच्यावरील व्याज वळते करून घ्यावे आणि उरलेली रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. वळती केल्याचा आदेश मिळावा. तोपर्यंत सक्तीची वसुली करू नये, ही विनंती.’

सोबत दोन्ही वर्षांच्या १४३(१) च्या सूचना, पोर्टलवरच्या मागणीच्या पानाची छापील प्रत, २६एएस आणि पॅनची प्रत जोडावी. अर्ज सल्लागारामार्फत देत असाल तर अधिकारपत्रही लागतं. अर्ज टपालाने नुसता पाठवून देऊ नका. कार्यालयाची पोच घ्या, आणि अधिकाऱ्याची नोटीस आलेली असेल तर पोर्टलवर त्या नोटिशीखालीही तो चढवा.

अपील चालू असेल तर वाक्यरचना बदलते. ‘मागणी मान्य आहे’ हे शब्द टाळावेत आणि ‘अपिलातील माझे हक्क अबाधित ठेवून’ असं लिहावं. जुलै २०१७ च्या कार्यालयीन सूचनेनुसार पहिल्या अपिलाच्या काळात वादग्रस्त मागणीच्या साधारण २० टक्के भरल्यास उरलेल्या रकमेला स्थगिती मिळू शकते. म्हणून ‘परताव्यातून २० टक्केच वळते करावे, उरलेल्या मागणीस स्थगिती द्यावी आणि बाकी परतावा मला द्यावा’ असं स्पष्ट मागावं. हे लिहिलं नाही तर सगळा रिफंड मागणीत जातो आणि नंतर तो परत मिळवण्यासाठी फार खेटे घालावे लागतात.

हिशोब असा होतो

वरच्या मजकुरातले आकडे घेऊ. एका निवृत्त गृहस्थांनी २०२३-२४ च्या विवरणपत्रात एका मुदत ठेवीवरचा टीडीएस स्वतःच्या नावे धरला. ठेवीवर पहिलं नाव पत्नीचं होतं, त्यामुळे टीडीएस तिच्या पॅनवर नोंदला गेला होता. सीपीसीने तो नाकारला आणि १० सप्टेंबर २०२४ च्या सूचनेने व्याजासह ४६,३०० ची मागणी लावली. मागणी बरोबरच होती, म्हणून दुरुस्तीचा प्रश्न नव्हता. ती भरायला ३० दिवस असतात. ११ ऑक्टोबर २०२४ पासून कलम २२०(२) चं व्याज सुरू झालं, दरमहा १ टक्का. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात.

अर्ज १४ नोव्हेंबर २०२५ ला दिला आणि रक्कम वळती झाली २० डिसेंबरला. मागणीवर १५ महिन्यांचं व्याज झालं, म्हणजे ६,९४५. एकूण देणं ५३,२४५. रिफंडवर खात्याकडून मिळणारं व्याज मात्र दरमहा अर्धा टक्का. विवरणपत्र वेळेत भरलं असेल तर टीडीएसच्या रिफंडवर ते १ एप्रिलपासून मोजतात. एप्रिल ते डिसेंबर असे ९ महिने धरून २,७८१ झाले. (रिफंड ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर हे व्याजच नसतं.) एकूण येणं ६४,५८१. त्यातून देणं वजा जाता ११,३३६ रुपये बँकेत जमा झाले.

यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: अर्ज दिला म्हणून व्याज थांबत नाही. रक्कम प्रत्यक्ष वळती होईपर्यंत या गृहस्थांना मागणीवर दरमहा ४६३ रुपये लागत होते आणि तेवढ्याच रकमेच्या रिफंडवर त्यांना जेमतेम २३१ मिळत होते. महिनाभरात काम होणार असेल तर थांबायला हरकत नाही. पण विवरणपत्राची छाननीच झालेली नसेल आणि हातात पैसे असतील, तर मागणी भरून टाकून रिफंड पूर्ण घेणं स्वस्त पडतं. भरताना चलनात ४०० हा प्रकार निवडायचा, वर्ष मागणीचं टाकायचं, आणि लगेच पोर्टलवर त्या मागणीच्या उत्तरात चलनाचा तपशील द्यायचा. ते राहिलं तर तुम्हीही भरता आणि सीपीसीही रिफंडातून कापतं. मी असं होताना दोनदा पाहिलं आहे. पैसे मिळतात परत, पण उशिरा.

नंतर काय पाहायचं

वळती केल्याचा आदेश हातात आला तरी पोर्टलवरची मागणी शून्य झाली का, ते काही आठवड्यांनी बघा. कधी रक्कम कापली जाते पण मागणीची नोंद तशीच राहते, आणि पुढच्या वर्षीचा रिफंडही तिच्यात खेचला जातो. तसं झालं तर आदेशाची प्रत जोडून अधिकाऱ्याला नोंद दुरुस्त करायला सांगायचं आणि पोर्टलवर तक्रार नोंदवायची. आदेशात वर्ष आणि मागणीचा संदर्भ क्रमांक तुमच्या अर्जाशी जुळतो का, हेही तेव्हाच तपासा. दोन-तीन जुन्या मागण्या असल्या की रक्कम भलत्याच वर्षात जाऊन बसण्याची शक्यता असते.

आणि ते २,७८१ रुपये. त्यांतला बराचसा पैसा त्या गृहस्थांच्या खात्यात आलाच नाही, मागणीतच गेला. तरी रिफंडवरचं व्याज हे उत्पन्न आहे, म्हणून कर निर्धारण वर्ष २०२६-२७ च्या विवरणपत्रात ‘इतर उत्पन्न’ या सदरात सगळे २,७८१ दाखवावे लागतात. मागणीवर दिलेल्या ६,९४५ रुपयांची वजावट मात्र मिळत नाही.