सोडियम १२७ की १४०? डायरेक्ट आयएसई, इनडायरेक्ट आयएसई आणि दुधाळ सीरम

एकाच रुग्णाचं, एकाच वेळी काढलेलं रक्त. मुख्य लॅबमधल्या मोठ्या अॅनालायझरवर सोडियम १२७ येतं आणि आयसीयूतल्या ब्लड गॅस मशीनवर १४०. कॅलिब्रेशन झालेलं आहे, दोन्हीकडचे कंट्रोल मर्यादेत आहेत. ट्यूबकडे पाहिलं तर सीरम दुधासारखं पांढरं. अशा वेळी यातलं कोणतं मशीन बिघडलंय हे शोधण्यात वेळ घालवू नये. दोन्ही मशीन आपापल्या पद्धतीप्रमाणे बरोबर मोजत आहेत, फक्त एकाचं गृहीतक या सॅम्पलला लागू पडत नाही.

दोन्हीकडचे इलेक्ट्रोड मुळात एकाच जातीचे, म्हणजे आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड किंवा आयएसई असतात. सोडियमसाठी खास काच किंवा आयनोफोर असलेला पडदा, पोटॅशियमसाठी व्हॅलिनोमायसिनचा पडदा आणि सोबत एक रेफरन्स इलेक्ट्रोड. पडद्यावर तयार होणारा व्होल्टेज मोजून आयनचं प्रमाण काढलं जातं. फरक आहे तो इलेक्ट्रोडपर्यंत सॅम्पल कसं पोचतं यात. डायरेक्ट पद्धतीत ते जसंच्या तसं, पातळ न करता पोचतं. ब्लड गॅस मशीन अशीच चालतात, म्हणून तिथे संपूर्ण रक्तही चालतं. इनडायरेक्ट पद्धतीत प्रोब ठरावीक आकारमानाचं सॅम्पल उचलतो, त्यात वीस ते तीसपट डायल्यूएंट मिसळतो आणि ते मिश्रण इलेक्ट्रोडवरून जातं. बहुतेक मोठे केमिस्ट्री अॅनालायझर असे चालतात, कारण त्यांना सॅम्पल अगदी थोडं लागतं आणि कामाचा वेग राखता येतो.

आता प्लाझ्माकडे पाहू. त्याच्या आकारमानात सुमारे ९३ टक्के पाणी असतं आणि उरलेल्या ७ टक्के जागेत प्रथिनं आणि लिपिड. सोडियम आणि पोटॅशियम फक्त पाण्याच्या भागात असतात. त्या पाण्यात सोडियम साधारण १५१ मिलिमोल प्रति लिटर असतं, आणि आपल्या ओळखीचा १४० हा आकडा म्हणजे १५१ गुणिले ०.९३. शरीरातल्या पेशींना जाणवतं ते पाण्यातलं प्रमाण, म्हणजे १५१.

डायरेक्ट इलेक्ट्रोडला हे पाण्यातलं प्रमाणच दिसतं. सीरममध्ये चरबीचे थेंब कितीही तरंगत असोत, पडद्याला लागलेल्या पाण्यात सोडियम तेवढंच असतं. पण १५१ असा रिपोर्ट दिला तर जुन्या संदर्भमर्यादांशी तो जुळणार नाही, म्हणून मशीन त्याला ठरलेल्या गुणकाने खाली आणून १४० छापतं. हा गुणक स्थिर असतो, सॅम्पलमध्ये पाणी किती आहे यावर तो बदलत नाही.

इनडायरेक्टमध्ये घोळ होतो तो सॅम्पल उचलताना, इलेक्ट्रोडवर पोचायच्याही आधी. प्रोब १०० भाग सीरम उचलतो तेव्हा त्यात ९३ भाग पाणी असेल असं गणित धरलेलं असतं. चरबीने त्यातली जागा अडवली असेल तर पाणी कमी उचललं जातं, पाण्याबरोबर सोडियमही कमी येतं, आणि डायल्यूएंट मात्र ठरल्याएवढाच पडतो. फ्लेम फोटोमेट्रीतही सॅम्पल पातळ करूनच मोजत असत, त्यामुळे हीच चूक तिथेही होती. कंट्रोलमधलं पाणी नेहमीच्या प्रमाणात असल्यामुळे कंट्रोलला ही चूक कधीच दिसत नाही.

वरच्या सॅम्पलचंच गणित करू. सीरममधलं पाणी अंदाजायला एक सूत्र वापरतात: पाण्याची टक्केवारी म्हणजे ९९.१ वजा (०.००१ गुणिले एकूण लिपिड, मिग्रॅ प्रति डेसिलिटर) वजा (०.७ गुणिले एकूण प्रथिनं, ग्रॅम प्रति डेसिलिटर). या सॅम्पलमध्ये एकूण लिपिड १०,००० आणि प्रथिनं ७ आहेत. म्हणजे ९९.१ वजा १० वजा ४.९, उत्तर ८४.२ टक्के. १५१ गुणिले ०.८४२ केलं की १२७ येतात. मोठ्या अॅनालायझरचा आकडा अगदी इथेच बसतो. पोटॅशियमही त्याच टक्केवारीने घसरतं, पण ४.२ चं ३.८ झालेलं कुणाच्या डोळ्यांत येत नाही. म्हणून चर्चा नेहमी सोडियमचीच होते.

खात्री करायची तर ऑस्मोलॅलिटी मोजा. गोठणबिंदूवर चालणाऱ्या ऑस्मोमीटरला चरबीने फरक पडत नाही. या रुग्णात ती २८८ आली. ग्लुकोज ९० आणि बीयूएन १४ धरून सोडियम १२७ ने हिशेब केला तर २६४ येतात, म्हणजे २४ चं अंतर पडतं. १४० ने केला तर २९०. मग १२७ वर विश्वास ठेवून ३ टक्के सलाइन चढवलं, तर सोडियम नॉर्मल असलेल्या माणसाचं सोडियम आपण वर ढकलतो. खरी हानी इथेच होते.

याच सूत्रातून उलट बाजूही दिसते, आणि ती जास्त वेळा चुकते. लिपिड १,००० ने वाढले की पाणी १ टक्क्याने घटतं, सोडियम जेमतेम १.५ ने. ट्रायग्लिसराइड १,२०० आणि सोडियम १२२ असेल तर ‘लायपेमिक आहे’ म्हणून ते सोडून देऊ नका. बहुतांश घट खरी आहे. मधुमेहाच्या कीटोअॅसिडोसिसमध्ये तर दोन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात. वाढलेलं ग्लुकोज पेशींतलं पाणी बाहेर खेचून सोडियम खरोखर उतरवतं. ते डायरेक्टवरही कमीच दिसतं, कारण ती खरी घट आहे.

असं सॅम्पल हाती आलं की सरळ डायरेक्ट आयएसईवर लावा. सॅम्पल आधी हाताने पातळ करून पुन्हा लावण्याने काहीही सुधारत नाही, कारण चूक पातळ करण्यातच आहे. डायरेक्टची सोय नसेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूजने चरबीचा थर वर आणून खालचं स्वच्छ सीरम लावतात. एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी: साध्या सेंट्रिफ्यूजनंतर ट्यूब उभी राहिली की काही चरबी वर साचते, आणि प्रोब वरूनच सॅम्पल उचलतो. त्यामुळे त्याच ट्यूबचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वेगळा आला तर इलेक्ट्रोडला दोष देण्याआधी हे तपासा.

ब्लड गॅसचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. सिरिंजमध्ये द्रव हेपरिन जास्त राहिलं तर रक्त पातळ होतं, आणि ते सोडियम हेपरिन असेल तर सोडियम वाढू शकतं. इलेक्ट्रोलाइट-बॅलन्स्ड कोरडं हेपरिन असलेली सिरिंज वापरा. संपूर्ण रक्तात हिमोलिसिस डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथल्या वाढलेल्या पोटॅशियमबद्दल सावध राहा.

आणि सगळी सीरम दुधाळ नसतात. पित्त अडून कावीळ झालेल्या रुग्णात लायपोप्रोटीन-एक्स खूप वाढतं, कोलेस्टेरॉल प्रचंड चढतं, पण सीरम पारदर्शकच राहू शकतं. मशीनचा लायपेमिया इंडेक्स तिथे शांत बसतो. मायलोमातलं जादा प्रथिनही हेच करतं. अशा रुग्णाचं सोडियम कमी आणि लक्षणं काहीच नाहीत असं दिसलं, तर ट्यूब स्वच्छ असली तरी ती एकदा डायरेक्टवर लावा.