मालकी हस्तांतराचा क्षण आणि माल नाकारण्याचा हक्क: कलम १३(२) मधून वगळलेल्या शब्दांची पार्श्वभूमी

मालविक्री अधिनियम, १९३० मधील शर्त आणि हमी यांचा भेद कलम १२ मध्ये सांगितला आहे. कराराच्या मुख्य हेतूला अत्यावश्यक असलेली अट ही शर्त असते आणि तिचा भंग झाल्यास खरेदीदाराला करार रद्द समजून माल नाकारता येतो. मुख्य हेतूला केवळ आनुषंगिक असलेली अट ही हमी असते आणि तिच्या भंगाबद्दल फक्त नुकसानभरपाई मागता येते. करारात एखाद्या अटीला ‘हमी’ असे नाव दिले असले तरी ती शर्त असू शकते, कारण नावापेक्षा कराराचा अर्थ निर्णायक ठरतो. मात्र १९६३ पर्यंत या भेदाचा खरेदीदाराला पुष्कळदा काहीच उपयोग होत नसे, आणि त्याचे कारण मालकी हस्तांतराच्या नियमात दडलेले होते.

या नियमाचे मूळ इंग्लंडमधील १८३१ च्या स्ट्रीट विरुद्ध ब्ले या खटल्यात आहे. निकोप असल्याची हमी देऊन विकलेला घोडा सदोष निघाला, तेव्हा न्यायालयाने असे मत दिले की विशिष्ट वस्तूची मालकी एकदा खरेदीदाराकडे गेली की, फसवणूक किंवा परतीचा करार नसेल तर, केवळ हमीभंगामुळे त्याला ती वस्तू विक्रेत्याच्या माथी परत मारता येत नाही. ज्याची मालकी त्याची वस्तू, असा हा साधा तर्क होता. चाल्मर्स यांनी मसुदा केलेल्या १८९३ च्या इंग्रजी कायद्यात तो शर्तींनाही लागू झाला.

भारतात १९३० पूर्वी १८७२ च्या करार अधिनियमातील ७६ ते १२३ ही कलमे मालविक्रीला लागू होती. त्यातील कलम ११७ नुसार, हमीसह विकलेली विशिष्ट वस्तू खरेदीदाराच्या ताब्यात देऊन त्याने ती स्वीकारली असेल, तरच त्याचा हक्क भरपाईपुरता उरत असे. १९३० मध्ये इंग्रजी कायद्याचा साचा उचलताना या बाबतीत आपण मागे गेलो, असे माझे मत आहे. नव्या कलम १३(२) ने स्वीकृतीच्या जोडीला दुसरा पर्याय आणला: करार विशिष्ट मालाचा असून मालकी खरेदीदाराकडे गेली असेल, तरीही शर्तीचा भंग हा हमीचाच भंग समजावा.

त्याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कारखानदाराने विक्रेत्याच्या गोदामातील एक ठरावीक लेथ यंत्र स्वतः पाहून ८०,००० रुपयांना घेतले. कोणत्या कामासाठी हवे ते सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतले. पैसे आणि ताबा आठवड्याने द्यायचे ठरले. कलम २० प्रमाणे, माल विशिष्ट व सुपूर्द करण्याच्या स्थितीत असेल आणि करार बिनशर्त असेल, तर करार होताच मालकी जाते. पैसे किंवा ताबा पुढे ढकलल्याने फरक पडत नाही. आठवड्याने यंत्र आले आणि चालवताच कळले की ते त्या कामाचे नाही. कलम १६(१) मधील उपयुक्ततेची गर्भित शर्त मोडली होती. पण मालकी आठवड्यापूर्वीच गेलेली असल्याने, यंत्राला हातही लावण्याआधी त्याचा नाकारण्याचा हक्क संपलेला होता. यंत्राची प्रत्यक्ष किंमत ५०,००० धरली, तर कलम ५९ खाली त्याला ढोबळमानाने ३०,००० ची सूट मिळे आणि निरुपयोगी यंत्र गळ्यात राहत असे. म्हणजे कलम १४ ते १७ ने गर्भित शर्ती द्यायच्या आणि कलम २० व १३(२) यांनी मिळून त्या काढून घ्यायच्या, असा हा प्रकार होता.

न्यायालयांनाही हे खटकत होते. १९०० च्या व्हार्ली विरुद्ध व्हिप या इंग्रजी खटल्यात, जेमतेम पन्नास-साठ एकरांची कापणी केलेले आणि आदल्या वर्षी नवे असलेले म्हणून विकलेले कापणी यंत्र फार जुने निघाले. खरेदीदाराने ते पाहिलेले नव्हते, म्हणून न्यायालयाने ही वर्णनावरून झालेली विक्री ठरवली आणि वर्णनाशी न जुळणाऱ्या यंत्राची मालकी करारासरशी गेलीच नाही, असे मानून परतीचा मार्ग मोकळा केला. युक्तिवाद कौशल्याचा खरा, पण आमच्या कारखानदारासारख्या, यंत्र स्वतः पाहून घेणाऱ्याला तो सहज लागू पडत नाही.

१९६३ च्या दुरुस्तीने कलम १३(२) मधील मालकीविषयीचे शब्द वगळले. इंग्लंडने तेच १९६७ मध्ये केले. त्यामुळे आता मालकी गेल्यावरही माल नाकारता येतो. अविभाज्य करारात हा हक्क स्वीकृतीपाशी संपतो, आणि स्वीकृती कलम ४२ प्रमाणे तीन प्रकारे होते: खरेदीदाराने तसे कळवले, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत कृती केली, किंवा नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला. कारखानदाराने यंत्र चालवून पाहताच लेखी नकार कळवला, तर तो सुरक्षित आहे. मात्र तेच यंत्र महिनोन्‌महिने कामाला जुंपून मग तक्रार केली, तर त्याच्या हाती पुन्हा भरपाईच उरेल.