गुडघ्याचे दुखणे आकड्यात मांडताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर साठी ओलांडलेल्या, गुडघ्याच्या संधिवाताने त्रासलेल्या माणसांवर बारा आठवड्यांच्या व्यायामोपचाराची चाचणी घ्यायची आहे असे समजू. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीच्या स्नायूंचे व्यायाम द्यायचे आणि उरलेल्यांना नेहमीचेच उपचार चालू ठेवायचे. सांधा किती अंशात वाकतो, हे कोनमापकाने मोजता येते. परंतु रुग्णाचे जगणे सुसह्य झाले की नाही, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी प्रश्नावली लागते, आणि ती निवडताना झालेली चूक पुढे कितीही काटेकोर गणित केले तरी भरून निघत नाही.

गुडघ्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे कॅनडातील दोन विद्यापीठांत तयार झालेली ‘वोमॅक’. तिच्यात चोवीस प्रश्न आहेत. त्यांपैकी पाच वेदनेविषयी, दोन सांध्याच्या ताठरपणाविषयी आणि सतरा रोजच्या हालचालींविषयी आहेत. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण मिळतात आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. पण हालचालींच्या सतरा प्रश्नांत मोजे घालणे, मोजे काढणे, बाथटबमध्ये उतरणे व बाहेर येणे आणि मोटारीत चढणे-उतरणे हे चार प्रश्न आहेत. वाडीतली सत्तरीची बाई मोजे घालत नाही, न्हाणीत दगडावर बसून आंघोळ करते आणि बाजाराला एसटीने जाते. तिने हे चारही प्रश्न कोरे सोडले, तर या प्रश्नावलीच्या प्रचलित नियमानुसार हालचालींचा सगळा विभागच बाद ठरतो, कारण चार किंवा अधिक उत्तरे नसतील तर त्या विभागाचे गुण काढायचे नसतात. तीन कोरी असती तर बाकीच्या उत्तरांची सरासरी त्यांच्या जागी धरून निभावले असते.

याहून वाईट प्रकार म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने ‘ही गोष्ट करतच नाही’ याची नोंद ‘काही त्रास नाही’ अशी, म्हणजे शून्य, करणे. मग जी बाई विळीवर बसून उठताना भिंतीचा आधार घेते, तीच कागदावर चांगली ठणठणीत दिसते. शिवाय उपचाराने हे शून्य आणखी खाली जाऊ शकत नसल्याने झालेली सुधारणाही दिसत नाही. आपल्याकडे गुडघ्याची खरी परीक्षा उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि जमिनीवरून उठणे यांत होते. म्हणूनच पुण्याच्या संधिवात केंद्राने भारतीय सवयींना जुळवून घेतलेली वोमॅकची आवृत्ती तयार केली. कोकणातल्या चाचणीसाठी मी मूळ आवृत्तीच्या शब्दशः भाषांतरापेक्षा अशा आवृत्तीचा विचार आधी करीन. प्रश्न स्वतःच्या मनाने बदलणे मात्र टाळावे. तसे केले तर आपले गुण इतरांच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि ही प्रश्नावली परवान्याशिवाय वापरताही येत नाही.

वोमॅक गुडघ्यापुरती बोलते. झोप, उमेद, शेजारीपाजारी, घर यांविषयी विचारायचे असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची सव्वीस प्रश्नांची जीवनमान प्रश्नावली जोडीला घेता येते. तिच्या घडणीत सहभागी झालेल्या केंद्रांत दिल्ली आणि चेन्नईही होती. ती शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसर अशा चार क्षेत्रांचे गुण वेगवेगळे देते. चारही मिळवून एकच बेरीज करण्याची रीत नाही. म्हणून आपल्या मुख्य निष्कर्षासाठी कोणते क्षेत्र धरायचे, हे पहिला रुग्ण नोंदवण्याआधीच लिहून ठेवावे. नाहीतर चारांपैकी जे सुधारलेले दिसेल तेच शेवटी मुख्य ठरवण्याचा मोह होतो.

आता गुणांकन पाहू. शारीरिक क्षेत्रात सात प्रश्न आहेत: दुखण्यामुळे कामात किती अडथळा येतो, रोजचे चालवायला औषधोपचाराची किती गरज लागते, अंगात शक्ती किती, हिंडता-फिरता किती येते आणि झोप, रोजची कामे व काम करण्याची क्षमता यांबाबत किती समाधान आहे. प्रत्येकाला 1 ते 5 गुण असतात. पाच प्रश्नांत मोठा आकडा चांगला, पण पहिल्या दोन प्रश्नांत मोठा आकडा वाईट. म्हणून ती दोन उत्तरे 6 मधून वजा करून उलटवावी लागतात.

समजा, एका आजींनी उपचारापूर्वी या क्रमाने 4, 3, 3, 2, 3, 2, 3 अशी उत्तरे दिली. पहिले उत्तर उलटवून 2 झाले, दुसरे 3 चे 3 च राहिले. बेरीज 18, सरासरी 2.57. तिला चाराने गुणून 10.29 येतात. त्यातून 4 वजा करून, उरलेल्याला 100 ने गुणून 16 ने भागले की शंभरपैकी 39.3 गुण मिळतात. बारा आठवड्यांनंतर त्यांची उत्तरे 2, 3, 3, 3, 3, 3, 3 अशी आली. दुखण्याचा अडथळा 4 वरून 2 वर उतरला, हिंडणे आणि रोजची कामे एकेक पायरी वर गेली. उलटवल्यावर बेरीज 22 आणि गुण 53.6 होतात, म्हणजे 14 गुणांहून अधिक सुधारणा.

आता उलटवायचे राहून गेले असे धरा. आधीची बेरीज 20 आणि नंतरचीही 20. दोन्ही वेळा गुण 46.4, सुधारणा शून्य. दुखणे कमी झाल्याने गेलेल्या दोन गुणांनी हिंडण्याने आणि कामाने मिळवलेले दोन गुण नेमके खाऊन टाकले. आकडे दिसायला अगदी निर्दोष असल्यामुळे ही चूक नुसत्या नजरेला सापडत नाही. ती पकडण्याचा उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रश्नाचा त्याच क्षेत्रातील उरलेल्या प्रश्नांच्या बेरजेशी असलेला सहसंबंध, म्हणजे दोन्ही आकडे सोबत वाढतात की उलट दिशेने जातात हे, काढावा. दुखण्याच्या प्रश्नाचा सहसंबंध उणे आला, तर उलटवणे राहिले किंवा दोनदा झाले असे समजावे.

कोऱ्या उत्तरांचा मुद्दा इथेही येतो, पण वेगळ्या ठिकाणी. सामाजिक क्षेत्रात अवघे तीन प्रश्न आहेत आणि त्यांतला एक लैंगिक जीवनातील समाधानाविषयी आहे. विधवा आजी तो सहसा टाळतात, आणि विचारणारा नातवाच्या वयाचा असला तर कोणीही टाळेल. नियमाप्रमाणे उरलेल्या दोन उत्तरांवर हे क्षेत्र मोजता येते, पण आणखी एक कोरे राहिले की येत नाही. त्यामुळे या वयोगटात सामाजिक क्षेत्राच्या गुणांवर फार मोठा निष्कर्ष उभारू नये, असे माझे मत आहे.

अनेक वृद्धांना बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावे लागतात. तसे असेल तर पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही वेळी तसेच करावे, आणि वाचणारा माणूस व्यायाम शिकवणारा नसावा. ज्याने तीन महिने आपुलकीने व्यायाम करवून घेतला त्याला ‘आता बरां आसा’ असेच उत्तर मिळते. सुनेने शेजारी बसून सासूच्या वतीने दिलेले उत्तरही चालत नाही, कारण ते सुनेला दिसणारे दुखणे असते.

शेवटची बाब काळाची. वोमॅक साधारणपणे गेल्या अठ्ठेचाळीस तासांविषयी विचारते, जीवनमान प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांविषयी. पहिली नोंद भातलावणीत आणि शेवटची गणपतीत झाली, तर चिखलात वाकून दुखावलेले गुडघे आणि मुंबईहून आलेल्या मुलाबाळांनी भरलेले घर या दोन्हींचा परिणाम उपचाराच्या खात्यावर जमा होईल. म्हणून दोन्ही गटांतल्या माणसांची नोंदणी एकाच काळात करावी, कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि निष्कर्ष एका गटाच्या आधी-नंतरच्या फरकावरून न काढता दोन गटांमधील फरकावरून काढावा.