मराठीतला ‘व’ आणि अरबीतला ‘व’: वाक्य नेमकं कुठे संपतं?

मराठीतला ‘व’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि फारसीत तो आला अरबीतून. उच्चार जवळपास तोच, अर्थही शब्दकोशात तोच: आणि. त्यामुळे अरबी शिकणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी हा अक्षराएवढा शब्द ओळखीचा वाटतो. पुढे अरबी वर्तमानपत्र वाचायला घेतलं की तोच सगळ्यात जास्त अडवतो, कारण तिथे तो नेहमीच ‘आणि’ म्हणून उभा नसतो. पुष्कळदा तो आपल्या पूर्णविरामाचं काम करत असतो.

एक साधी बातमी घेऊ. अरबी बातमीत असतो तसा हा परिच्छेद मीच रचला आहे. मजकूर मराठीत दिला आहे, सांधे मात्र अरबीच ठेवले आहेत:

मंत्री आज सकाळी कैरोला पोचले, व-काना त्यांच्या स्वागताला काही अधिकारी, सुम्मा ते मंत्रालयाकडे निघाले, हैसु त्यांनी दोन तास बैठक घेतली, व-काला बैठकीनंतर की प्रकल्प पुढच्या महिन्यात सुरू होईल, मुदीफन् की त्याचा खर्च अजून ठरलेला नाही.

पूर्णविराम एकच, तोही परिच्छेदाच्या शेवटी. मधले पाच सांधे म्हणजे ‘व-काना’ (आणि होते), ‘सुम्मा’ (मग), ‘हैसु’ (जिथे), ‘व-काला’ (आणि म्हणाले) आणि ‘मुदीफन्’ (भर घालत). अरबी वाचकाला यात काहीच लांबलचक वाटत नाही. हेच मराठी वर्तमानपत्रात असं छापून येईल: ‘मंत्री आज सकाळी कैरोत पोचले. त्यांच्या स्वागताला काही अधिकारी हजर होते. तिथून मंत्रालयात जाऊन त्यांनी दोन तास बैठक घेतली. प्रकल्प पुढच्या महिन्यात सुरू होईल, मात्र त्याचा खर्च अजून ठरलेला नाही, असं त्यांनी बैठकीनंतर सांगितलं.’ चार वाक्यं झाली. दोन्ही ‘व’ गळाले आणि त्यांच्या जागी पूर्णविराम आले. ‘सुम्मा’ आणि ‘हैसु’ मिळून ‘तिथून... जाऊन’ एवढ्यात मावले. ‘मुदीफन्’ हा वेगळा शब्द म्हणून उरलाच नाही.

हा फरक लेखकाच्या सवयीचा नाही, तो वाक्याच्या बांधणीतच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘पोचले’, ‘होते’, ‘घेतली’ हे कानावर पडलं की वाक्य संपलं हे पूर्णविराम न बघताही कळतं. अरबी बातमीतलं वाक्य क्रियापदाने सुरू होतं: ‘पोचले मंत्री कैरोला सकाळी...’ आणि शेपटीकडे कितीही वाढू शकतं. ते संपलं हे शेवटच्या शब्दावरून कळत नाही, पुढचं सुरू झाल्यावर कळतं. त्या सुरुवातीची खूण म्हणजे ‘व’ किंवा ‘म्हणून, मग’ अशा अर्थाचा ‘फ’, आणि लगेच त्यामागे येणारं क्रियापद. मराठी आपल्या वाक्याला शेवटी गाठ मारते, अरबी पुढच्या वाक्याला सुरुवातीलाच आकडा लावते.

म्हणूनच लांबीचा भार दोन्हीकडे सारखा पडत नाही. मराठीत चाळीस शब्दांचं वाक्य लिहिलं तर वाचक क्रियापदाची वाट बघत सगळं डोक्यात धरून ठेवतो. अरबीत क्रियापद आधीच मिळालेलं असतं आणि पुढचा प्रत्येक तुकडा आल्या आल्या जागेवर बसतो. ‘ज्याने’, ‘ज्याला’ अशा वाक्यांशांत अरबी मागे एक सर्वनामही ठेवते, ते लिंग-वचन दाखवतं, त्यामुळे कोण कोणाशी जोडलेलं आहे हे लांबवरही सुटत नाही. चाळीस शब्दांचं अरबी वाक्य मराठीतल्या चाळीस शब्दांइतकं जड नसतं. ते तसंच्या तसं मराठीत उतरवलं की मात्र जड होतं.

आता खुद्द ‘व’. अरबी व्याकरणात त्याचे बरेच प्रकार आहेत, पण वाचताना घोळ होतो तो तिघांत. पहिला जोडणारा, म्हणजे आपला ‘आणि’. दुसरा नवं वाक्य सुरू करणारा, ज्याला ‘वाव अल्-इस्तिअ्नाफ’ म्हणतात. वरच्या बातमीतला ‘व-काला’ असाच. तिथे मराठीत पूर्णविराम द्यायचा आणि ‘व’ सोडून द्यायचा. तिसरा ‘वाव अल्-हाल’, म्हणजे क्रिया चालू असतानाची स्थिती सांगणारा. ‘दखला व-हुवा यद्हकु’ याचा शब्दशः अर्थ ‘तो आत आला व तो हसतो’. नवखा भाषांतरकार ‘तो आत आला आणि हसला’ लिहून मोकळा होतो आणि दोन घटना एकामागून एक घडल्यासारख्या दिसतात. मूळ अर्थ आहे ‘तो हसत आत आला’. हा तिसरा ‘व’ ओळखायला अरबी व्याकरणकारांनी एक सोपी कसोटी दिली आहे. ‘व’च्या जागी ‘इझ्’ (त्या वेळी) घालून बघायचं. अर्थ टिकला तर तो ‘हाल’चा ‘व’. मराठीत त्याची जागा बहुधा ‘-त’, ‘-ताना’ किंवा ‘-ऊन’ घेतात.

पहिल्या आणि दुसऱ्या ‘व’मधला फरक दाखवायला अरबी शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य देतात, आणि ते कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात शोभेल: ‘ला तअ्कुलिस्-समक व-तश्रब... अल्-लबन’. म्हणजे ‘मासे खाऊ नकोस व दूध पी...’ यात ‘पिणे’ या क्रियापदाचा शेवटचा स्वर मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे, कारण सगळं त्याच्यावर आहे. ‘तश्रबिल्-लबन’ असा ‘इ’ ऐकू आला तर नकार दोन्हींना लागतो: मासेही खाऊ नकोस, दूधही पिऊ नकोस. ‘तश्रबल्-लबन’ असा ‘अ’ आला तर दोन्ही एकत्र करू नकोस, म्हणजे आपल्याकडची आजी सांगते तेच. आणि ‘तश्रबुल्-लबन’ असा ‘उ’ आला तर ‘व’ नवं वाक्य सुरू करतो: मासे खाऊ नकोस. दूध पितोस तर खुशाल पी. एका स्वराने तीन पथ्यं झाली. आपल्याकडे जिथे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम लागेल, तिथे अरबीत शब्दाचा शेवट बोलतो.

अडचण अशी की रोजच्या अरबी लिखाणात हे ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. कागदावर तिन्ही वाक्यं अक्षरशः एकसारखी दिसतात. मोठ्याने वाचणाऱ्याला व्याकरण पाठ असेल तर तो बरोबर वाचतो, पण डोळ्यांनी झरझर वाचणाऱ्याकडे ती खूण नसते. आज लिहिणारा माणूस म्हणून सावध राहतो. पहिला अर्थ हवा असेल तर ‘व-ला’ असा नकार पुन्हा लिहितो, तिसरा हवा असेल तर माशांनंतर सरळ पूर्णविराम देतो. विरामचिन्हाची गरज अरबीला लागते ती अशा जागी, स्वर उच्चारात असतो पण लिखाणात नसतो तिथे.

ही चिन्हं अरबीत आली ती छापखान्याच्या काळात. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, जुन्या हस्तलिखितांत दोन हदीसांमध्ये लहान वर्तुळ काढत, कुराणात आयतीच्या शेवटी खूण असे, पण एरवीच्या लिखाणात वाक्यातल्या वाक्यात बहुधा काही नसे. युरोपातली चिन्हं अरबीसाठी नियमांत बसवण्याचं मोठं काम इजिप्तच्या अहमद झकी पाशा यांनी १९१२ साली एका पुस्तिकेत केलं. स्वल्पविरामाला त्यांनी ‘शौला’ हे नाव दिलं, म्हणजे विंचवाची नांगी. त्याच नावाचा तारा वृश्चिकाच्या शेपटीत आहे, आणि तो भाग आपल्याकडे मूळ नक्षत्र म्हणून ओळखतात. आज त्या चिन्हाला सर्रास ‘फासिला’ म्हणतात. उजवीकडून डावीकडे लिहिण्याच्या ओघाला बसावा म्हणून अरबी स्वल्पविराम उलटा, वर उचललेला दिसतो आणि प्रश्नचिन्हाचं तोंडही फिरलेलं असतं. पूर्णविराम मात्र तोच साधा टिंब.

आपली गोष्टही फार वेगळी नाही. मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दही सुटे लिहीत नसत. बखरीत नवं वाक्य ‘त्यास’, ‘तेव्हां’, ‘मग’ अशा शब्दांनी ओळखायचं. विरामचिन्हं मराठीत आणण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी यांना दिलं जातं. फरक हा की टिंब आल्यावर मराठीने ‘त्यास’ टाकून दिला. अरबीने टिंब घेतला आणि ‘व’सुद्धा ठेवला. म्हणून पूर्णविरामानंतर पुन्हा ‘व’ने सुरू होणारं वाक्य अरबीत चूक नाही. बातम्यांत तर ओळीने परिच्छेद ‘व-काला’, ‘व-अदाफा’, ‘व-अक्कदा’ असेच उघडतात: आणि म्हणाले, आणि भर घातली, आणि ठामपणे सांगितलं. इंग्रजी शाळेत मुलांना ‘अँड’ने वाक्य सुरू करू नका सांगतात, आणि दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की लाल शाई पडते. अरबीत त्या दोन्ही गोष्टी रोजच्या आहेत. स्वल्पविराम तिथे श्वासाची जागा दाखवतो, जोडण्याचं खरं काम ‘व’ करतो. म्हणूनच यादीतही ‘सफरचंद व संत्री व केळी’ असाच अरबीचा स्वभाव; स्वल्पविराम देत जाऊन शेवटी एकच ‘व’ ठेवण्याची पद्धत तिथे युरोपीय वळणाची समजतात.

अरबी वक्तृत्वशास्त्रात या विषयाला ‘अल्-फस्ल वल्-वस्ल’ म्हणतात, तोडणं आणि जोडणं. नवव्या शतकातला अरबी लेखक जाहिझ याने लिहून ठेवलं आहे की एका इराण्याला वक्तृत्व म्हणजे काय विचारलं, तर तो म्हणाला, तोडणं आणि जोडणं यांतला फरक ओळखणं. शिकवताना पहिले खलिफा अबू बक्र यांची एक गोष्ट सांगितली जाते. कापड घेऊन चाललेल्या माणसाला त्यांनी विचारलं, विकणार का? तो म्हणाला, ‘ला रहिमकल्लाह’. त्याला म्हणायचं होतं, नाही, अल्लाह तुमच्यावर दया करो. पण सलग ऐकलं तर अर्थ होतो अल्लाह तुमच्यावर दया न करो. अबू बक्र म्हणाले, असं नको म्हणू, ‘ला व-रहिमकल्लाह’ म्हण. मराठीत आपण ‘नाही’नंतर थांबतो आणि लिहिताना स्वल्पविराम देतो. अरबीत ‘व’ मध्ये घातला की तोडलंही जातं आणि सौजन्यही टिकतं.

मराठी माणूस अरबीत लिहायला लागला की उलटी चूक करतो. ‘मंत्री पोचले. अधिकारी हजर होते. बैठक झाली.’ हे तसंच अरबीत घातलं तर व्याकरण बिनचूक असतं, पण अरबी वाचकाला ते तुटक वाटतं. अधिकारी हजर होते म्हणून बैठक झाली, की ते तिथे असताना झाली, की नंतर? मराठीत हा संबंध वाचक संदर्भावरून लावतो. अरबीत लिहिणाऱ्याने तो सांगावा अशी अपेक्षा असते: कारण असेल तर ‘फ’, क्रम असेल तर ‘सुम्मा’, त्याच वेळची स्थिती असेल तर ‘व-हुम्’, आणि नुसतं पुढे जायचं असेल तर साधा ‘व’, पुढच्या शब्दाला चिकटवून, मध्ये जागा न सोडता.